सहामाही मूल्यमापन: शेरा बदलून देत आहे

आमच्या टीममधल्या कनिष्ठ विश्लेषकाच्या फॉर्ममध्ये मी मंगळवारी लिहिलेला शेरा असा होता: "कामात लक्ष नाही. तीच चूक दहादा सांगावी लागते. जबाबदारीची जाणीव शून्य." तो काढून खालचा घ्यावा. रागाच्या भरात लिहिला गेला. शिवाय 'दहादा' खोटं आहे. जुने मेल काढून पाहिले, तर मी एकदाच सांगितलं होतं. रेटिंग मात्र तेच ठेवा. भाषा बदलली म्हणून चुका लहान होत नाहीत.

सुधारित शेरा:

एप्रिल ते सप्टेंबरमध्ये तुम्ही सहा मासिक विक्री अहवाल केले. त्यांतल्या दोनांत आकडे चुकले. जूनमध्ये परत आलेला माल दोनदा वजा झाला, त्यामुळे विक्री कमी दिसली. ऑगस्टमध्ये शेवटच्या चार दिवसांची बिलं आलीच नाहीत. दोन्ही चुका हिशेब विभागाने पकडल्या, तेही अहवाल ग्राहकाकडे गेल्यावर. पाठवण्याआधी एकूण बेरीज खातेवहीशी ताडली असती, तर दोन्ही वेळा फरक तिथेच दिसला असता. जूननंतर मी हे सांगितलं होतं, तरी ऑगस्टमध्ये ताडणी झाली नाही. माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

जुलैचा अहवाल गोदामाकडून माहिती न आल्याने लांबला. त्यात तुमचा दोष नाही. पण तुम्ही दोन दिवस थांबलात आणि मला कळवलंत ते अहवाल द्यायच्या दिवशी संध्याकाळी. आधी कळलं असतं तर गोदामाशी मी बोललो असतो.

चूक दाखवल्यावर दोन्ही वेळा तुम्ही त्याच दिवशी दुरुस्त अहवाल दिलात, आणि काय चुकलं ते स्वतःहून लिहिलंत. साठ्याच्या तक्त्यातली सूत्रं तुम्ही नव्याने बसवलीत. तो तक्ता आता सगळी टीम वापरते. म्हणजे आकड्यांची समज आहे, तपासणीची सवय नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबरचे अहवाल एक दिवस आधी माझ्याकडे द्या. मेलमध्ये खातेवहीतली बेरीज, अहवालातली बेरीज आणि पहिल्या व शेवटच्या बिलाची तारीख लिहा. बेरजांत फरक असेल तर त्याचं कारणही. तिन्ही महिने हे नीट आलं, तर जानेवारीपासून अहवाल थेट पाठवा, मी मध्ये येणार नाही. कुणाकडून माहिती अडली, तर अर्ध्या दिवसात मला सांगा.

ताडणी कशी करायची हे मी तोंडीच सांगितलं होतं, ती माझी चूक. शुक्रवारपर्यंत लिहून टीमच्या फोल्डरमध्ये ठेवतो.

(एचआरसाठी: हे मी सोमवारी समोर बसून सांगणार आहे. तोपर्यंत फॉर्म त्यांना दिसू नये.)