वाटा आणि मृत्युपत्र: व्यक्तिगत कायद्यांची एक तुलना

व्यक्तिगत कायद्यांची चर्चा बहुतेकदा मुलीच्या वाट्यावर येऊन थांबते. तो वाटा किती, याइतकेच बापाला तो काढून घेता येतो का, हेही पाहायला हवे असे माझे म्हणणे आहे.

समजा, एक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी आणि २४ लाखांची स्वकष्टार्जित मालमत्ता. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे तिघांना आठ-आठ लाख. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ खाली ख्रिश्चन व पारशी कुटुंबांतही तेवढेच. हनफी मुस्लिम कुटुंबात पत्नीला एक अष्टमांश म्हणजे ३ लाख, मुलाला १४, मुलीला ७. गृहस्थांची आई हयात असेल तर चित्र पालटते: हिंदू आईला ६ लाख, मुस्लिम आईला ४, ख्रिश्चन आईला मात्र काहीच नाही.

आता हेच गृहस्थ सगळे मुलाच्या नावे लिहून गेले, तर? हिंदू मुलीचे आठ लाख शून्यावर येतात. २००५ च्या दुरुस्तीने तिला जन्मतः सहदायिक, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतली हिस्सेदार केले, सर्वोच्च न्यायालयाच्या ‘विनीता शर्मा’ (२०२०) निकालाने तो हक्क पक्का केला. पण तो वडिलोपार्जित मालमत्तेपुरता. ख्रिश्चन आणि पारशी मुलीलाही संरक्षण नाही. मुस्लिम मुलीचा वाटा भावाच्या निम्मा, पण मृत्युपत्र एक तृतीयांशापुरतेच चालते आणि वारसाच्या नावे केलेल्या मृत्युपत्राला इतर वारसांची संमती लागते. अर्थात, हयातीत ताबा देऊन केलेल्या ‘हिबा’ला, म्हणजे बक्षिसाला, ही मर्यादा नाही.

सर्वांत भक्कम तरतूद गोव्यात आहे. वेगळा करार नसल्यास विवाहाबरोबर मालमत्ता पती-पत्नीची सामाईक होते. वरच्या उदाहरणात १२ लाख पत्नीचे स्वतःचेच, उरलेल्यांतले सहा-सहा मुलांचे. आणि आपल्या हिश्श्याच्या निम्म्याहून अधिक मृत्युपत्राने वळवता येत नाही.

म्हणजे विवाह कोणत्या कायद्याखाली झाला, यावर वारसाही ठरतो. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करणाऱ्या मुस्लिम स्त्रीचा वारसा कलम २१ मुळे १९२५ च्या कायद्याकडे जातो. दोघे हिंदू असतील तर मात्र १९७६ पासून कलम २१-अ त्यांना हिंदू कायद्यातच ठेवते. ही विसंगती समान नागरी कायद्याच्या सभांमध्ये क्वचितच ऐकू येते.

महाराष्ट्रात यापुढचा अडथळा कायद्याबाहेरचा आहे. वडील वारल्यावर बहिणींकडून हक्कसोडपत्र घेण्याची प्रथा आहे. ‘भावाकडे वाटा मागितला तर माहेर तुटते’ ही भीती त्यामागे असते. समान वाटा देणारा कायदा या सहीला हरकत घेत नाही, कारण कागदोपत्री ती स्वेच्छेचीच असते. गोव्याचा राखीव वाटाही केवळ बापाचा हात धरतो, वारसा खुला झाल्यावर बहिणीचा नाही.