या, बसा, आधी दौतीची झाकणं उघडू नका

नमस्कार मंडळी, सगळ्यांना जागा मिळाली ना? मागे पंख्याखाली बसलेत त्यांनी कागदावर काहीतरी वजन ठेवा, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासात सगळे कागद खाली असतील. साताऱ्यात शनिवारी सकाळी नऊला एवढी माणसं अक्षर गिरवायला येतात हे बघूनच मला फार बरं वाटतंय. वाचनालयाने हा हॉल दोन दिवस आपल्याला दिलाय, त्यांचे मनापासून आभार, आणि त्या बदल्यात एकच करायचं, फरशीवर शाई सांडू द्यायची नाही.

तुमच्यात रिटायर झालेल्या शिक्षिका आहेत, कॉलेजची मुलं आहेत, दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक दादा आहेत, आणि एक आई आपल्या सहावीतल्या मुलीला घेऊन आलीय. फॉर्ममध्ये बहुतेकांनी लिहिलंय की स्वतःचं नाव छान लिहायला शिकायचंय. शिकाल, नक्की शिकाल. पण ते उद्या दुपारी. आज दिवसभर आपण नुसत्या रेघा काढणार आहोत, उभी, आडवी, तिरकी, मग अर्धगोल, मग गाठ, आणि जमलं तर संध्याकाळी एक ग आणि एक व. काहींचे चेहरे पडले ते दिसलं मला. म्हणूनच हे दहा मिनिटं बोलतोय, की एवढं हळू का जायचं.

समोरचा बोरू हातात घ्या, शाईत बुडवू नका अजून. टोक बघा. ते टोकदार नाहीये, चपटं आहे आणि तिरकं कापलंय. इंग्रजी कॅलिग्राफीसाठी जी निब मिळते तिचा कोन आणि आपल्या देवनागरीचा कोन एकमेकांच्या उलटे असतात, म्हणून ती निब घेऊन मराठी लिहिलं की जाड जिथे हवं तिथे बारीक येतं आणि अक्षर परकं दिसतं, का ते कळत नाही पण दिसतं. आता हा कोन हातात पक्का धरून उभी रेघ ओढली की तिची एक ठरावीक जाडी येते, आडवीची येते, तिरकी एका बाजूला एकदम बारीक होते आणि दुसऱ्या बाजूला भरते. अक्षराचं सगळं सौंदर्य या जाड-बारीकमध्ये आहे आणि ते आपण रंगवत नाही, ते कोनातून आपोआप येतं, फक्त कोन हलता कामा नये. आणि घाई केली की पहिला हलतो तो कोनच. मनगट फिरतं. तुम्हाला कळतही नाही, कागदाला मात्र कळतं.

शाईचंही तसंच आहे. रेघ फटकन ओढली की मध्येच शाई तुटते, कागदाचा पांढरा दिसायला लागतो. मध्ये थांबलात की तिथे थेंब साचतो आणि कडा फुगते. म्हणजे शाईचा एक स्वतःचा वेग आहे, तो शोधायला लागतो, आणि तो प्रत्येक कागदावर वेगळा, पावसाळ्यात वेगळा. हे मी सांगून येणार नाही, पान भरल्यावर हाताला कळेल.

पण खरं सांगू, मला हाताची तेवढी काळजी नाही. हात महिन्या-दोन महिन्यात वळणावर येतो. वेळ लागतो तो डोळ्याला. आपण जन्मभर अक्षर वाचत आलोय त्यामुळे ते बघायचं राहूनच गेलंय. ळ घ्या. दोन्ही गोल सारखे असतात का? त्या दोघांच्या आतली पांढरी जागा बघा, ती पोकळी जर एकीकडे गुदमरली तर अक्षर आजारी दिसतं, शाईच्या रेघा कितीही सुबक असू देत. क मध्ये दांड्याच्या डावीकडचं पोट आणि उजवीकडचं वळण यांचं वजन तोललं जायला हवं. काना सरळ लोंबायला हवा. हे असं एकेक अक्षर बघायला बसलात ना, की मग घरी जाताना एसटीवरची पाटी, लग्नपत्रिका, औषधाच्या दुकानाचा बोर्ड, सगळं वेगळं दिसायला लागतं. मला वाटतं या दोन दिवसांत तुम्ही तेवढं जरी घेऊन गेलात तरी वर्कशॉप वसूल.

कोणीतरी म्हणेल, आजच्या जमान्यात एवढा वेळ कुणाला आहे, सगळं फास्ट झालंय. अहो, फास्ट तेव्हाही लागायचंच. त्यासाठी आपल्याकडे मोडी होती. आधी पानभर आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग तिला टांगून अक्षरं भराभर लिहीत सुटायचं, हात फारसा न उचलता. दफ्तरं, हिशेब, पत्रव्यवहार सगळा त्यातच. आणि पोथी लिहायची तेव्हा बाळबोध, एकेक अक्षर सुटं, निवांत. लोकांना दोन्ही येत होतं आणि कुठे काय वापरायचं ते कळत होतं. दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास तर लेखनावरच आहे, अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं, आणि ग्रंथाचं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटावं असं समर्थ सांगतात. ती दुसरी गोष्ट किती अवघड आहे विचार करा. पहिलं अक्षर कुणीही छान काढेल. दोनशेव्या पानावर तसंच काढायचं म्हणजे सुरुवातीपासून वेग असा धरावा लागतो जो शेवटपर्यंत टिकेल.

आणि कॉम्प्युटर आला म्हणून हे संपलं असंही समजू नका. मंगल फॉन्ट तुमच्यापैकी अनेकांनी वापरला असेल, तो र. कृ. जोशींनी केला, आणि ते आयुष्यभर हाताने अक्षर लिहिणारे, शिकवणारे कलावंत होते. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या नावांना जे रूप दिलं ते जाहिरातीत लांबून बघून लोक नाटक ओळखायचे. अच्युत पालव मोडीच्या अभ्यासातून आपल्या शैलीकडे गेले. या सगळ्यांच्या मोकळ्या, धावत्या रेघा बघून आपल्याला वाटतं एका झटक्यात काढलंय. असेल एका झटक्यात. पण त्या झटक्याच्या मागे वर्षानुवर्षं गिरवलेला कित्ता आहे, रियाज न करता कुणी तान घेत नाही तसंच हे.

घरी गेल्यावर काय करायचं तेही आत्ताच सांगून टाकतो, नंतर राहून जातं. रोज वीस मिनिटं पुरे, रविवारी एकदम चार तास बसू नका, हात दुखतो आणि दुसऱ्या तासापासून चुकीचं वळणच पक्कं होत जातं. महागडा कागद आणू नका. कालचा पेपर आडवा फिरवा, कॉलमच्या कडा रेघांसारख्या वापरता येतात, त्यावर चपट्या ब्रशने मोठ्ठं गिरवा. पानावर तारीख टाका आणि फेकू नका, वाईट आलेलं तर अजिबात नाही, त्यात काय बिघडलं ते दिसतं. आणि शेजारच्याच्या कागदाशी तुलना नको, प्लीज. पाट्या रंगवणाऱ्या दादांचा हात आधीच तयार आहे, त्या सहावीतल्या ताईचा कोरा आहे, दोघांची अडचण वेगळी आहे. दादांना जुनी सवय सोडावी लागेल, हे तिच्यापेक्षा जड जाईल कदाचित.

बरं. मोबाईल सायलेंटवर टाका, फोटो लंच ब्रेकमध्ये काढू. पाठ सरळ, दोन्ही पाय जमिनीवर, कागद किंचित तिरका तुम्हाला सोयीचा वाटेल तसा. उंची आपण पाच निब ठेवणार आहोत, म्हणजे बोरूच्या टोकाच्या रुंदीचे पाच ठसे एकावर एक टेकवायचे आणि तिथे वरची रेघ आखायची. पट्टी-पेन्सिल टेबलवर आहे, नसेल त्यांनी हात वर करा. रेघा आखून झाल्या की मग दौत उघडा, टोक बुडवा, काठावर जास्तीची शाई निथळू द्या, आणि पहिली उभी रेघ, वरून खाली, श्वास सोडत सोडत. मी फिरतोच आहे तुमच्यात.