सूचना : प्रयोगशाळेत स्पिरिटचा दिवा आणि बर्नर वापरताना

इयत्ता नववी व दहावीसाठी

मंगळवारी एकाने पेटत्या दिव्यावरून दुसरा दिवा पेटवायला तो तिरपा केला. स्पिरिट टेबलावर सांडलं, आणि उजेडात त्याची निळसर ज्योत कुणाला दिसलीच नाही. वही करपली, हात वाचला. दिवा काडीनेच पेटवायचा, विझवायचा टोपण ठेवून. फुंकर नको. स्पिरिट दोन तृतीयांशच भरा, तेही दिवा विझून गार झाल्यावर.

बर्नरची हवेची खिडकी आधी बंद करा, काडी पेटवा, मगच गॅस सोडा. वास आला तर काडी नाही, खिडक्या उघडा आणि मला हाक मारा. वेण्या, ओढण्या बांधलेल्या हव्यात. परीक्षानळीचं तोंड शेजाऱ्याकडे नको.

भाजल्यास वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट लावू नका.

– विज्ञान शिक्षिका