विषय: भाट्ये किनाऱ्यावरच्या ४२ फोटोंचं रिटचिंग – दर, दुरुस्त्या आणि मर्यादा

नमस्कार सुप्रियाताई,

तुम्ही पाठवलेले ४२ फोटो रात्री एकेक मोठा करून पाहिले. साड्या सुंदर आहेत, पण वाऱ्याने केसांची आणि पदराची पार दैना केली आहे.

२४ फोटोंत सुटे केस आवरणं, चुण्या कमी करणं आणि दिसणाऱ्या पिना काढणं एवढंच काम आहे. त्याचे फोटोमागे १५० रुपये. १३ फोटोंत निऱ्या नीट बसवायच्या आहेत, अंबाड्यातली फट भरायची आहे, त्याचे ३५०. उरलेल्या ५ फोटोंचे प्रत्येकी ७००. त्यात मुली सुरुबनापुढे उभ्या आहेत. पाणी किंवा आकाश मागे असलं की काळे केस सहज वेगळे करता येतात, पण काळपट झाडांपुढे केसांची कडाच सापडत नाही. बट न् बट हाताने काढावी लागते. एकूण ११,६५० रुपये. निम्मे, म्हणजे ५,८२५, आधी द्यावे.

ब्लाउजचा रंग बदलून देईन, पण IMG_0417 मधला काळा ब्लाउज मोतिया होणार नाही. काळ्यात कापडाची वीणच उमटलेली नाही, त्यामुळे फिकट केला की चिकटवल्यासारखा दिसेल. गडद जांभळा किंवा बाटली हिरवा छान होईल. साडीचा रंग, काठ आणि जर यांना मात्र मी हात लावणार नाही. गिऱ्हाईक फोटो पाहून पैसे भरतं, त्याला घरी तीच साडी मिळायला हवी. म्हणून प्रत्येक साडीचा खिडकीच्या उजेडात, ऊन थेट न पडता काढलेला एक फोटो पाठवा. रंग त्यावरून जुळवीन. मुलींची कंबर बारीक करणं, वर्ण उजळवणं ही कामं मी घेत नाही. गजरा मात्र जिथे अर्धा सुटलाय तिथे पुरा करून देते, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

दुरुस्तीच्या दोन फेऱ्या याच दरात. प्रत्येक फेरीच्या सगळ्या सूचना एकत्र, फोटोच्या नंबरासह लिहून पाठवा. व्हॉट्सअॅपवर सुट्या आल्या की एखादी नक्की निसटते. तिसऱ्या फेरीपासून फोटोमागे ८० रुपये. मंजूर केलेल्या फोटोत नवा बदल सुचला, तर तो नवीन काम धरीन.

आधी तीन नमुने करून दाखवते, प्रत्येक प्रकारातला एक. ते पसंत पडले की उरलेले फोटो नऊ दिवसांत देईन. आमच्याकडे मालवणात पावसात लाईट जाते, म्हणून एक दिवस जादा धरलाय. वेबसाईटसाठी sRGB मधल्या JPEG आणि छपाईसाठी TIFF देईन. मला मात्र RAW फाईल्सच हव्यात. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोंत केसांचे बारीक तपशील राहतच नाहीत.

हे मान्य असेल तर याच मेलला उत्तर द्या आणि RAW ची ड्राईव्ह लिंक पाठवा. शुक्रवारपर्यंत आलं, तर सोमवारी नमुने तुमच्या हातात असतील.

आपली,
मेघना
फोटो रिटचर, मालवण