साम्रदला गेलो आणि सांदणला उतरलो नाही

साम्रदला जातोय म्हटलं की समोरचा पहिल्यांदा विचारतो, "सांदणला उतरणार ना?" प्रश्न रास्तच आहे. रतनगडाच्या कुशीतलं हे गाव आज ठाण्या-मुंबईतल्या भटक्यांच्या तोंडी आहे ते त्या घळीमुळेच. दोन्ही बाजूंना दोनशे फुटांहून उंच कातळभिंती, मधे जेमतेम वाट, पायाखाली दगडगोट्यांचा खच आणि अधेमधे कमरेएवढं गार पाणी. पाहावी अशीच जागा आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण आम्ही यंदा साम्रदला गेलो ते गावात राहायला. तीन दिवस, एकाच घरात, बराचसा वेळ एकाच पडवीत. गड नाही, घळ नाही, पहाटे चारचा गजर नाही. माझं मत विचाराल तर सह्याद्रीतलं गाव बघायची हीच खरी रीत आहे, आणि ती आपण फारच कमी वापरतो.

हे सुचलं बाबांमुळे. ते तरुणपणी रतनगड चढून आलेले. आता गुडघे साथ देत नाहीत. दिवाळीचा फराळ संपत आला तसे एका संध्याकाळी म्हणाले, "मला गड चढायचा नाही गं, नुसता समोर बसून बघायचाय." कासारवडवलीच्या आमच्या घरातून दिसतो तो घोडबंदर रस्ता. त्यावरची गर्दी ओलांडून मी रोज स्टेशन गाठते. नवरा कशेळीच्या पुलावरून भिवंडीतल्या गोदामांकडे. बाबा दिवसभर घरात. तिघांनाही कुठेतरी जाऊन निवांत बसायचं होतं, पण हे एकमेकांना सांगितलं नव्हतं. बाबांच्या त्या एका वाक्याने सगळं ठरलं.

आता इगतपुरीपर्यंत जायचं तर समृद्धी महामार्ग आहे. जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, आणि जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून कसारा घाट मिनिटांत मागे पडतो. रोजच्या प्रवाशाला त्याची किंमत कळते. आम्ही मात्र ठाण्याहून कसारा लोकल पकडली. खिडकी मिळाली. टिटवाळ्यानंतर डबा रिकामा होत गेला, आटगाव सोडलं तसे डोंगर जवळ आले. कसाऱ्याला उतरून आधीच सांगून ठेवलेली जीप, मग घाट, इगतपुरी, घोटी, आणि घोटीहून भंडारदऱ्याचा रस्ता. बारी गावापाशी कळसूबाई दिसली. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. बाबांनी टोपी काढून हात जोडले. शेंडी गावात चहा झाला, आणि तिथून पुढे जलाशयाला वळसा घालत जाणारा रस्ता लागला. त्या रस्त्याला घाई चालत नाही. उडदावण्याच्या पुढे तर समोरून येणारी गुरं आपला वेग ठरवतात.

ज्या घरात उतरलो त्याची पडवी आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच दिसलं. शेणाने सारवलेली जमीन, कुडाची अर्धी भिंत, लाकडी खांब. एका खांबाला पेरणीसाठी राखलेली मक्याची कणसं टांगलेली, दुसऱ्याला घरातल्या लहानग्याचं शाळेचं दप्तर. समोर अंगण, अंगणापलीकडे खळं, खळ्याच्या पुढे कापलेल्या भाताची खाचरं, आणि त्यावर थेट रतनगड. शेजारी सुटा उभा असलेला खुट्टा सुळका. साम्रदच्या बाजूने गडावर जाणारी वाट त्या खुट्ट्याजवळून त्र्यंबक दरवाज्याला जाते. बाबा खाटेवर बसून ती वाट डोळ्यांनी चढत होते. "तिथे पायऱ्या आहेत बघ, कातळात खोदलेल्या," असं म्हणायचे, आणि मग बराच वेळ गप्प.

गाव बहुतेक महादेव कोळ्यांचं. भात, नागली, वरई आणि उतारावर खुरासणी ही इथली पिकं. आम्ही गेलो तेव्हा कापणी उरकत आली होती आणि खळी जागी झाली होती. आमच्या आळसाचे तीन दिवस म्हणजे त्यांच्या वर्षातले सर्वांत कामाचे दिवस, हे पहिल्या तासातच लक्षात आलं. मला थोडं अवघडल्यासारखं झालं. मी घरच्या काकूंना म्हटलं, काहीतरी काम सांगा. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही बसायला आलात ना? मग बसा. आम्हाला कोणीतरी बसून बघितलेलं बरं वाटतं." हे नुसतं आतिथ्याचं बोलणं नव्हतं. येणारा प्रत्येक जण पाठीवर बोजा घेऊन घळीकडे पळतो, संध्याकाळी जेवतो, सकाळी निघून जातो, असं त्या म्हणाल्या तेव्हा त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण मला ते लागलं.

भात कसं तयार होतं ते मी पुस्तकात वाचलं होतं. खळ्यावर पहिल्यांदा पाहिलं. पेंढ्या आपटून झोडणी होते, दाणे खाली पडतात, पेंढा बाजूला रचला जातो. इथवर सगळं दणदणीत आणि घाईचं. मग येतं उफणणं, आणि इथे सगळं थांबतं. कारण वारा लागतो. घरातल्या आजी सूप भरून, हात खांद्याच्या वर नेऊन उभ्या राहायच्या आणि वाट बघायच्या. वारा नसला तर सूप खाली. बसायचं. कोरा चहा, गवती चहाची पात घातलेला. बाबांशी दोन गोष्टी. मग खाचराच्या टोकाचं गवत हललं की आजींना आधी कळायचं. त्या उठायच्या, सूप पुन्हा वर, आणि एका बाजूला हलकेच कलवायच्या. दाणा सरळ पायाशी पडायचा, फोल हातभर पुढे उडून जायचं. दोन्हींच्या मधे एक बारीक पट्टी राहायची, अर्धवट भरलेल्या दाण्यांची. ती आजी वेगळी झाडून घ्यायच्या. ते कोंबड्यांचं.

बाबांनी विचारलं, "पंखा नाही लावत?" शेजारच्या वाडीत पंखा आहे, मळणीचं यंत्रही भाड्याने येतं, असं आजी म्हणाल्या. "पण हे बियाण्याचं हाये, दादा. हे हातानंच." कणगीत वेगळा ठेवलेला काळभात त्यांनी मूठभर आणून दाखवला. काळपट साल, आत नेहमीसारखा तांदूळ, पण शिजताना वास सगळ्या घरभर. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपल्याबद्दल 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, हे आपण बातमीत वाचलं. ते काम म्हणजे नेमकं काय, ते मला आजींच्या त्या कोंबडीच्या पट्टीत दिसलं: कुठला दाणा पुढच्या वर्षी जायचा आणि कुठला नाही, हे हात ठरवतो, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा आणि मी पाय मोकळे करायला घाटघरकडच्या कड्यापर्यंत गेलो. तेवढीच काय ती आमची भटकंती. घाटघरला पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून त्याला अहिल्यानगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. तो सगळा पाऊस या कड्यावर वाटला जातो. पूर्वेकडे पडला तो प्रवरेला मिळतो, भंडारदऱ्याच्या धरणात अडतो, आणि पुढे गोदावरीतून बंगालच्या उपसागरापर्यंत जातो. पश्चिमेला पडला तो कड्यावरून खाली, शाही नाल्यात, तिथून काळू नदीत, काळूतून उल्हासात. खाली धुरकट दिसत होता तो आपलाच शहापूर तालुका, ठाणे जिल्हा. नवरा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे कशेळीच्या पुलाखालचं पाणी इथून येतं." रोज दोनदा त्या पुलावर अडकणाऱ्या माणसाला हे समजायला इथे येऊन निवांत उभं राहावं लागलं. मला त्या क्षणी फार आनंद झाला. आपलं शहर आणि हे गाव एकाच डोंगराच्या दोन बाजू आहेत, हे नकाशात दिसतं, पण पटतं ते कड्यावर.

आणि एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये इथल्या बायांना पाण्यासाठी लांब जावं लागतं. कातळ पाणी धरत नाही, उतार ते थांबू देत नाही. काकूंनी हे सांगितलं तेव्हा त्या नागलीच्या भाकरी थापत होत्या. मी तांब्यातलं उरलेलं पाणी ओतायला उठले होते, ते तसंच परत ठेवलं.

जेवणाचं वेगळं लिहायलाच हवं, पण थोडक्यात. नागलीची गरम भाकर, खुरासणीची चटणी, हुलग्याचे शेंगोळे, आणि एका रात्री ओढ्यातल्या खेकड्यांचं कालवण, इतकं तिखट की बाबांचं नाक वाहायला लागलं आणि तरी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. रात्री थंडी चांगलीच पडते, स्वेटर न्याच. मोबाइलची रेंज घरात नाही, खाचराच्या बांधावर येते-जाते. चूल, धूर, लवकर अंधार, लवकर झोप. ज्यांना यात गैरसोय वाटेल त्यांनी शेंडीत हॉटेल घ्यावं, तिथेही छान आहे.

एक आग्रह मात्र करते. अशा घरी राहिलात तर पैशांत घासाघीस करू नका, आणि एक रात्र जास्त राहा. एका रात्रीत आपण फक्त जेवून झोपतो, घरातल्या माणसांची नावंही नीट लक्षात राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती माणसं आपल्यासमोर नेहमीसारखी वागायला लागतात, भांडतातसुद्धा. तिसऱ्या दिवशी लहानगा आपलं दप्तर उघडून पाढे म्हणून दाखवतो, आणि आजी वारा आला की आपल्यालाही हाक मारतात.

आणि या तीन दिवसांची सुरुवात कशी झाली, तेवढं शेवटी सांगते. साडेबाराला पोहोचलो, भाकरी खाल्ली, "जरा टेकतो" म्हणून तिघेही पडवीत आडवे झालो, आणि उठलो तेव्हा रतनगडाची सावली बदलली होती, साडेचार वाजले होते आणि काकू चहाचं विचारत होत्या.