दागिना तुमचा, काटा तुमच्यासमोर

सोनं गहाण ठेवायला कुणी हौसेने येत नाही. फी भरायची शेवटची तारीख उद्यावर आलेली असते नाहीतर हॉस्पिटलने डिपॉझिट मागितलेलं असतं, आणि कपाटातली डबी काढताना हात अडखळतोच. म्हणून आमच्याकडे दागिना तुमच्या नजरेआड होत नाही. आतल्या खोलीत नेऊन तपासणं नाही, सगळं काउंटरवर, काट्याचा आकडा तुम्हाला दिसेल असा.

वजनावरून बऱ्याच जणांचं मन खट्टू होतं. घरी २२ ग्रॅम भरलेल्या बांगड्या इथे २० च धरल्या की वाटतं फसवलं. पण खडे, मोती, लाख, दोरा यांचं वजन वजा होतं कारण कर्ज फक्त सोन्यावर मिळतं, आणि हे आधी नीट सांगायलाच हवं ना! मग येतं कॅरेट. २२ कॅरेट म्हणजे साधारण ९१.६ टक्के सोनं, १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के, त्यामुळे १८ कॅरेटच्या २० ग्रॅममध्ये शुद्ध सोनं १५ ग्रॅमच. एकूण वजन, घट, निव्वळ वजन, कॅरेट, धरलेला भाव, सगळं पावतीवर प्रत्येक दागिन्यासमोर लिहून देतो. घडणावळ मात्र धरली जात नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

व्याज वर्षाला १२ टक्के. महिन्याला दीड टक्का असं कुणी सांगितलं तर ऐकायला छोटं वाटतं पण वर्षाचे १८ होतात, म्हणून आम्ही दर वर्षाचाच सांगतो. हिशोब दिवसावर, ४० दिवसांत सोडवलंत तर ४० दिवसांचंच व्याज, लवकर सोडवलं म्हणून दंड नाही. मधे थोडी मुद्दल भरली तर पुढचं व्याज उरलेल्या रकमेवरच.

कागदपत्रं? ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, एक फोटो. बस्स. पगाराची स्लिप नको, जामीनदार नको. अर्ज दोन पानी, साध्या मराठीत, आणि साधारण पाऊण तासात पैसे खात्यात. घाईत असलात तरी वाचूनच सही करा, आम्ही थांबतो.

दागिने तुमच्यासमोर पाकिटात सील होतात, सीलवर तुमची सही, आणि सोडवताना ते पाकीट तुमच्यासमोरच फुटतं. तिजोरीतल्या मालाचा विमा आहे.

हप्ता चुकला तर? आधी फोन, मग लेखी नोटीस, मुदत वाढवायची असेल तर बोलायला या, लपून राहू नका प्लीज. लिलाव अगदी शेवटचा उपाय, आणि तो झालाच तर कर्ज, व्याज, खर्च वजा करून उरलेली रक्कम तुमचीच, हिशोबासकट.

नुसता अंदाज घ्यायला आलात तरी चालेल, सोनं तपासायचे पैसे घेत नाही. सोमवार ते शनिवार, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा. येताना दागिने आणि ओळखपत्र तेवढं आणा.