लाइन 2, मिरची पावडर 200 ग्रॅम: सील लीकचे फिशबोन विश्लेषण

बैठक: 17 जानेवारी, पहिली शिफ्ट संपल्यावर, मशीनशेजारी. हजर: दोन्ही शिफ्टचे ऑपरेटर, मेंटेनन्स फिटर, स्टोअर, क्वालिटी.

माशाचे डोके

आडवे सील लीक होते म्हणून ऑक्टोबरपासून ही लाइन पाच वेळा थांबली. ब्रेकडाउन रजिस्टरात पाचही वेळा एकच वाक्य आहे: "जॉ साफ केला, टेंपरेचर वाढवले, लाइन चालू." आठ-दहा दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जॉचे सेटिंग 145 अंशांवरून 165 वर गेले, तरी लीक थांबले नाही.

काटे काढण्याआधी व्हॅक्यूम टेस्टमध्ये लीक झालेले 40 पाऊच घेतले आणि प्रत्येकाचे सील ट्यूबलाइटसमोर धरून पाहिले. 27 पाऊचमध्ये सीलच्या रेघांमध्ये तिखटाची बारीक लाल रेघ अडकली होती, दर पाऊचमध्ये वेगळ्या जागी. 9 पाऊचमध्ये लाल काही नव्हते; लीक मात्र नेमके डाव्या कडेपासून 22 मिलिमीटरवर. उरलेल्या 4 मध्ये सुरकुती. म्हणजे "सील लीक" या एका नावाखाली आपण तीन निरनिराळे बिघाड एकत्र लिहीत होतो.

मशीन

आपल्या ऑगरला क्लच-ब्रेक आहे, सर्व्हो नाही. फिटरने ऑगरच्या शाफ्टवर खडूची खूण केली. ब्रेक लागल्यावर शाफ्ट जागीच थांबायला हवा होता. तो सुमारे एक अष्टमांश फेरा पुढे गेला. तेवढ्यात चिमूटभर पावडर मागून गळते आणि जॉ मिटताना त्यात सापडते. ब्रेक लायनिंग उघडून पाहिले, एका बाजूने गुळगुळीत झाले आहे. 27 पाऊचमधली लाल रेघ इथून येते.

22 मिलिमीटरचे लीक जॉवर सापडले. पुढच्या जॉच्या दातांवर तेवढ्याच अंतरावर आडवी खाच आहे, नखाला लागते. तिथे फिल्म दाबलीच जात नाही.

थर्मोकपलवर सगळ्यांचा संशय होता. जॉची दोन्ही टोके वेगळ्या पायरोमीटरने मोजली. फरक 3 अंशांचाच. हे कारण खोडले.

पद्धत

दिवाळीच्या मागणीसाठी स्पीड मिनिटाला 35 पाऊचवरून 42 केला, तो परत खाली आणलाच नाही. 35 वर एका पाऊचला 1.71 सेकंद मिळत होते, 42 वर 1.43. पावडर खाली बसायचा वेळ यातूनच कापला गेला. सेटिंग शीटवर आजही 35 चेच आकडे आहेत. टेंपरेचर वाढवणे म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

खात्रीसाठी 145 अंशांवर दोन ट्रायल घेतल्या, प्रत्येकी 100 पाऊच. 42 स्पीडला लाल रेघेचे 6 लीक, 35 ला 1. 22 मिलिमीटरचे लीक दोन्ही वेळा 2. खाचेला स्पीडशी देणेघेणे नाही.

माणूस

खाच पडली ती जॉला चिकटलेली फिल्म ब्लेडने खरवडल्यामुळे. रात्रपाळीच्या ऑपरेटरने हे स्वतःहून सांगितले, त्याबद्दल त्याचे आभार नोंदवतो. पितळी ब्रश एकच आहे, टूलरूममध्ये, आणि टूलरूमला संध्याकाळी सहाला कुलूप लागते. हातात ब्रश नाही आणि लाइन थांबलेली, अशा वेळी कोणीही ब्लेडच उचलेल. माझ्या मते याला ऑपरेटरची चूक म्हणून लिहिणे अन्याय होईल. हा काटा पद्धतीखाली हलवावा.

मटेरियल

फिल्म दोन सप्लायरची आहे, लीक दोन्हींच्या रोलवर सारखेच. खोडले. डिसेंबरपासून ब्याडगीचा माल जास्त बारीक दळलेला येतो, तो ऑगरमधून जास्त गळतो. पण लीक ऑक्टोबरपासून आहे, त्यामुळे हे मूळ कारण नव्हे. सुरकुती रोलच्या ताणामुळे असावी. ती वेगळी पाहू.

काय करायचे

रविवारी ब्रेक लायनिंग बदलणे आणि जॉ टूलरूमला देणे: फिटर. तोवर स्पीड 35 च, डिस्पॅचला आजच कळवले. पितळी ब्रश साखळीने मशीनलाच अडकवणे, ब्लेड बंद: दोन्ही शिफ्टचे ऑपरेटर. 42 साठी नवीन सेटिंग ट्रायल घेऊन, लिहून, सही करून. त्याआधी 42 नाही: क्वालिटी. रजिस्टरात "लाल रेघ, ठरलेली जागा, सुरकुती" असे तीन रकाने आजपासून.

जॉ बसल्यापासून 15 दिवस दर शिफ्टला 100 पाऊच तपासायचे. लाल रेघ किंवा 22 मिलिमीटरचा एकही लीक निघाला तर हा कागद पुन्हा मशीनशेजारी उघडायचा.